सातव्या फेरीतही लेख लेखकाचाच राहावा म्हणून: वरिष्ठांच्या ट्रॅक केलेल्या दुरुस्त्या कशा हाताळायच्या

लेख एकाचा, सही दुसऱ्याची आणि मध्ये तुम्ही. लेखकाने लिहिलेली फाइल वरिष्ठांकडे जाते, तिथून लाल-निळ्या रेघांनी भरून परत येते आणि त्यातलं काय घ्यायचं, काय नाही हे तुम्हाला ठरवावं लागतं. हे काम नव्याने तुमच्याकडे आलं असेल, तर पुढचं तुमच्यासाठी आहे. उदाहरणं वर्डची आहेत, कारण अशा फेऱ्या बहुतेक ठिकाणी त्यातच होतात.

माझी पहिली मोठी चूक आधी सांगतो. आमच्याकडच्या एका ज्येष्ठ तंत्रज्ञांनी नव्या मुलांसाठी कंप्रेसर हाताळण्याची पुस्तिका लिहिली होती. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. मॅडमनी, म्हणजे माझ्या मॅनेजरनी, चार फेऱ्यांत दुरुस्त्या केल्या आणि चारही वेळा मी एकेक दुरुस्ती वाचून `Accept` करत गेलो. एकही दुरुस्ती मला चुकीची वाटली नाही. स्वच्छ प्रत काकांच्या हातात दिली. त्यांनी दोन पानं वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "बरोबर आहे रे सगळं. पण हे मी लिहिलेलं नाही."

कुठे बिघडलं ते शोधायला दोन दिवस लागले. लेखकाचा आवाज कुठल्याही एका दुरुस्तीने गेला नव्हता. मी प्रत्येक फेरी आधीच्या फेरीशी ताडून बघत होतो, आणि आधीच्या फेरीपेक्षा फरक नेहमी थोडासाच असायचा. पहिल्या मसुद्याशी मात्र मी एकदाही ताडलं नव्हतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका धड्यातून निघाल्या आहेत.

## आधी हाताशी काय हवं

- लेखकाचा पहिला मसुदा, कोणाचाही हात न लागलेला
- संगणकावरचं वर्ड. फोनवर किंवा ब्राउझरमध्ये खालच्या सगळ्या सोयी मिळत नाहीत
- लेखकाच्या लकबी टिपलेलं अर्धं पान
- निर्णयांची नोंदवही; साधं एक्सेल पुरतं
- लेखकाचा फोन नंबर, आणि त्यांना दहा मिनिटं मोकळी कधी असतात याची माहिती

शेवटची गोष्ट किरकोळ वाटेल. माझा सर्वांत जास्त वेळ तिनेच वाचवला आहे.

## १. मूळ प्रत गोठवा

लेखकाकडून फाइल आली की तिची नक्कल करा, नाव `compressor_v0.docx` असं काहीतरी द्या आणि ती केवळ वाचण्यापुरती ठेवा. विंडोजमध्ये फाइलवर उजवी क्लिक, `Properties`, मग `Read-only`. या प्रतीत शुद्धलेखनाची उघड चूक दिसली तरी ती तशीच राहू द्या.

पुढच्या फाइलींना फेरीचा आकडा आणि दिशा द्या: `compressor_v3_out.docx` म्हणजे तुम्ही पाठवलेली, `compressor_v3_in.docx` म्हणजे परत आलेली. नावात `final` हा शब्द घालू नका. तो घातला की दोन दिवसांत `final_final2` जन्माला येतं आणि कुठली प्रत खरी हे कोणालाच सांगता येत नाही.

`Accept` आणि `Reject` ही बटणं दाबण्याचा हक्क एकाच माणसाकडे असावा, आणि तो माणूस तुम्ही. वरिष्ठांनी हवं ते लिहावं, खोडावं, शेरे मारावेत, पण बदल मिटवून टाकू नयेत. हे तोंडी ठरवलं तर विसरलं जातं. पहिल्या मेलमध्येच एका ओळीत लिहून टाका.

## २. लेखकाच्या लकबींचं अर्धं पान

पहिला मसुदा मोठ्याने वाचा आणि हा माणूस कसा बोलतो ते टिपा. शैलीवर निबंध नको, नमुने उचला. काकांसाठी माझ्याकडे अशी टिपणं होती:

वाक्यं छोटी, सहा-सात शब्दांची. वाचणाऱ्याला थेट सांगतात: काढा, थांबा, बघा. "करण्यात यावे" एकदाही नाही. आधी काय करू नये ते सांगतात, मग काय करावं. आवाज, वास, हाताला लागणारा गरमपणा यावरून यंत्र ओळखायला शिकवतात. 'पण' लिहितात, 'परंतु' नाही. "आलं", "काढलं", "टाकीतलं" अशी बोलण्यातली रूपं.

या शेवटच्या मुद्द्याकडे नीट बघा, कारण मराठीत निम्मी भांडणं इथेच होतात. "काढलं" की "काढले"? शुद्धलेखनाच्या नियमांत अनुस्वाराची रूपं पात्राच्या तोंडच्या बोलण्यासाठी ठेवली आहेत आणि इतर लेखनात "काढले" लिहावं असं सांगितलं आहे. त्यामुळे वरिष्ठ तिथे बोट ठेवतात तेव्हा ते चुकत नसतात. आजच्या ललित आणि अनौपचारिक लेखनात बोलण्यातली रूपं सर्रास चालतात हेही तितकंच खरं. म्हणून हा निर्णय वाक्यागणिक घेऊ नका. पहिल्या फेरीआधी विचारा, एकदाच ठरवा, या पानावर लिहा आणि सगळ्या मजकुराला तोच नियम लावा. वरिष्ठांनी एका परिच्छेदात "काढले" केलं, दुसऱ्यात "काढलं" तसंच राहिलं आणि तुम्ही दोन्ही स्वीकारलं, तर लेख धड लेखकाचाही राहत नाही आणि धड कार्यालयाचाही.

आमच्याकडे मॅडमनी पुस्तिका बोलभाषेत ठेवायला होकार दिला. नकार दिला असता तरी बिघडलं नसतं. "टाकीतले पाणी रोज काढा" या वाक्यात काकाच बोलतात. "टाकीतील पाण्याचा निचरा दररोज करण्यात यावा" यात ते सापडत नाहीत. आवाज अनुस्वारात कमी असतो, वाक्याच्या घडणीत जास्त.

## ३. पाठवण्याआधी फाइलला कुलूप

`Review` टॅबवर `Track Changes` च्या खालचा बाण उघडा. नव्या आवृत्तीत तिथे `For Everyone` आणि `Just Mine` असे दोन पर्याय असतात. `Just Mine` राहिलं तर तुमचेच बदल नोंदले जातात आणि वरिष्ठांचे लिखाणात बेमालूम मिसळतात. `For Everyone` निवडा. मग त्याच यादीतलं `Lock Tracking` उघडून एक साधा पासवर्ड द्या. ही सुरक्षाव्यवस्था नाही. ट्रॅकिंग चुकून बंद होऊ नये एवढाच तिचा उपयोग. कुलूप असेपर्यंत `Accept` आणि `Reject` ही बटणंही चालत नाहीत, त्यामुळे वर ठरवलेला नियम आपोआप पाळला जातो. फाइल परत आली की त्याच जागी जाऊन कुलूप काढा.

सोबतच्या मेलमध्ये या फेरीत काय बघायचं ते सांगा. मी पहिल्या फेरीत मांडणी आणि मजकुराचा क्रम, दुसरीत आकडे, नियम आणि जबाबदाऱ्या, तिसरीत भाषा असं मागतो. वरिष्ठ ते तंतोतंत पाळत नाहीत, तशी अपेक्षाही नाही. पण ज्या परिच्छेदाची जागाच अजून ठरलेली नाही त्यातले शब्द घासत बसणं बरंच कमी होतं.

## ४. परत आलेल्या फाइलीत लपलेले बदल शोधा

कुलूप लावायचं राहून गेलं, किंवा वरिष्ठांनी मजकूर दुसऱ्या फाइलीत नेऊन तिथे सुधारला आणि परत चिकटवला, तर काही बदलांवर रंग नसतो. तुम्ही रंगीत बदल तपासत बसता आणि बिनरंगी बदल तसेच आत राहतात.

ओळखायचा उपाय सोपा आहे. परत आलेल्या फाइलीची नक्कल करा, कुलूप काढा आणि नकलेत `Reject` खालचं `Reject All Changes` दाबा. सगळे बदल प्रामाणिकपणे ट्रॅक झाले असतील, तर ही नक्कल तुम्ही पाठवलेल्या फाइलीसारखी हुबेहूब व्हायला हवी. झाली का ते बघायला `Review`, `Compare`, पुन्हा `Compare...` असं जा. `Original document` मध्ये `v3_out`, `Revised document` मध्ये ही नक्कल. `More` उघडून `Show changes at` खाली `Word level` ठेवा. अक्षराच्या पातळीवर ठेवलं तर देवनागरीत काना-मात्रांचे तुकडे होऊन वाचणं कठीण जातं. `Formatting` वरची खूण काढा.

जो फरक उमटेल, तो ट्रॅक न झालेला बदल.

तुम्ही पाठवलेल्या फाइलीतच तुमचे ट्रॅक केलेले बदल शिल्लक असतील, तर तिचीही नक्कल करून तिथेही सगळे बदल नाकारा आणि मग ताडून बघा. तसं न केल्यास तुलना करताना वर्ड शिल्लक बदल स्वीकारलेले धरतं आणि तुमचंच लिखाण फरक म्हणून समोर येतं.

असा बदल सापडला म्हणून वरिष्ठांना जाब विचारू नका. बहुतेक वेळा त्यांच्या ते गावीही नसतं.

## ५. रंगांचा गोंगाट कमी करा

फाइल उघडल्यावर दोनशे बदल दिसतात. त्यातले शंभरेक फाँट, समास आणि ओळींमधल्या अंतराचे असू शकतात. `Show Markup` मध्ये जाऊन `Insertions and Deletions` वरची खूण काढा, `Formatting` वरची ठेवा. आता पडद्यावर केवळ रूपाचे बदल उरतात. ते डोळ्यांखालून घाला आणि `Accept` खालचं `Accept All Changes Shown` दाबा.

इथे मोठा खड्डा आहे. त्याच यादीत शेजारीच `Accept All Changes` आहे. ते दाबलं की लपवलेले बदलही स्वीकारले जातात, म्हणजे सगळी फेरी एका क्लिकमध्ये संपते. `Ctrl+Z` लगेच दाबलं तर वाचाल. फाइल बंद करून झाली असेल तर `v3_in` ची राखलेली प्रत उघडायची. म्हणून `_in` प्रतीवर कधीच काम करू नका, तिची नक्कल घ्या.

झाल्यावर `Insertions and Deletions` वरची खूण परत लावा. मी एकदा विसरलो होतो आणि "वा, या वेळी मॅडमनी काहीच बदललं नाही" म्हणून खूश झालो होतो.

## ६. एकेक दुरुस्ती सोलून बघा

आता खरं काम. एका दुरुस्तीत बहुधा दोन गोष्टी गुंडाळलेल्या असतात: सांगायचं काय आणि सांगायचं कसं. वर्डमध्ये मात्र बटण एकच असतं, घ्या नाहीतर टाका. त्यामुळे नवखा माणूस वरिष्ठांची योग्य सूचना घेताना त्यांची भाषाही घेतो, किंवा भाषा खटकली म्हणून योग्य सूचनाही फेकून देतो.

पुस्तिकेतला एक परिच्छेद घेऊ. काकांनी लिहिलं होतं:

> टाकीतलं पाणी रोज काढा. काल काढलं म्हणून आज सोडू नका. कंप्रेसर चालू केला की पहिली दोन मिनिटं कानाने काम करा, डोळ्याने नाही. आवाज घोगरा आला की बंद करा. गेज बघत बसू नका. काटा 8 बारच्या वर गेला तर तो आपोआप खाली येईल याची वाट बघू नका.

मॅडमच्या दुरुस्त्यांनंतर त्याचं असं झालं:

> टाकीतील पाण्याचा निचरा दररोज करण्यात यावा. कंप्रेसर सुरू केल्यानंतर पहिल्या दोन मिनिटांत ध्वनीकडे विशेष लक्ष द्यावे. ध्वनीमध्ये असामान्य बदल आढळल्यास यंत्र तात्काळ बंद करण्यात यावे व पर्यवेक्षकास कळवावे. दाब 7 बारपेक्षा अधिक झाल्यास यंत्र बंद करावे.

सगळं `Accept` केलं तर काका गेले. सगळं `Reject` केलं तर पुस्तिका धोकादायक राहिली. आता सोलू.

8 चे 7 बार हा आकड्याचा बदल. मी तो यंत्राशी ताडला. आमच्या त्या यंत्राची मर्यादा खरोखर 7 वर ठेवलेली होती. काका जुन्या यंत्राच्या सवयीने 8 लिहून गेले होते. असा बदल तपासून घ्यायचा आणि लेखकाला कळवायचा. इथे लेखकाच्या आवाजाचा प्रश्नच येत नाही.

पर्यवेक्षकाला कळवणं ही नव्याने आलेली सूचना आहे, आणि ती ठरवण्याचा अधिकार वरिष्ठांचाच. घ्यायची. पण "पर्यवेक्षकास" हा शब्द आमच्या कामाच्या जागी कोणी उच्चारत नाही. तिथे सुपरवायझर असतो.

शेवटचं "यंत्र बंद करावे" मला आधी निव्वळ पुनरुक्ती वाटली. मग काकांचं वाक्य परत वाचलं. वाट बघू नका, असं ते सांगतात. मग करायचं काय, ते सांगतच नाहीत. त्यांच्या डोक्यात ते इतकं पक्कं होतं की लिहायचं राहून गेलं. इथे मॅडमचं बरोबर होतं.

"कानाने काम करा, डोळ्याने नाही" हे मॅडमनी खोडलं तेव्हा मला वाईट वाटलं, कारण पुस्तिकेतलं ते माझं आवडतं वाक्य. पण शेजारी त्यांचा शेरा होता: "नव्या मुलाने शब्दशः घेतलं आणि गेजकडे बघितलंच नाही तर?" शंका रास्त. आवाज जपायचा म्हणजे प्रत्येक सुंदर वाक्य जपायचं असा हट्ट धरता येत नाही.

"घोगरा" चं "असामान्य बदल" झालं, तिथे मात्र मी अडून बसलो. नव्या मुलाला सामान्य आवाजच ठाऊक नाही, तो असामान्य कसा ओळखणार? हा बदल भाषेचा दिसतो, पण त्याने माहिती पुसली जाते. काकांना फोन केला: "काका, घोगरा म्हणजे नेमका कसा?" ते म्हणाले, "अरे, डब्यात खडे हलवल्यासारखा." मूळ मसुद्यात नसलेलं वाक्य मिळालं आणि तेही लेखकाच्याच तोंडचं.

"काल काढलं म्हणून आज सोडू नका" हे मॅडमनी 'दररोज' मध्ये आलंच म्हणून काढलं होतं. तर्काने ते आलेलं आहे. पण माणूस पाणी काढायचं टाळतो तो नेमका याच सबबीवर, आणि काकांनी ती सबब आधीच पकडली आहे. ठेवलं.

आणि उरलं ते "करण्यात यावा", "करण्यात यावे". या रचनेत पाणी कोणी काढायचं हे वाक्यातून नाहीसं होतं. "काढा" म्हटलं की वाचणाऱ्याला कळतं, हे काम माझं. मॅडमना हे असंच सांगितलं. 'काकांची शैली आहे' असं म्हणण्यापेक्षा ते त्यांना लगेच पटलं.

जुळवून झालेला परिच्छेद:

> टाकीतलं पाणी रोज काढा. काल काढलं म्हणून आज सोडू नका. कंप्रेसर चालू केला की पहिली दोन मिनिटं जागेवरून हलू नका, कान देऊन ऐका. डब्यात खडे हलवल्यासारखा घोगरा आवाज आला की आधी बंद करा, मग सुपरवायझरला सांगा. काटा 7 बारच्या वर गेला तर तो आपोआप खाली येईल याची वाट बघू नका, बंद करा.

मॅडमची प्रत्येक रास्त सूचना यात आहे. वाक्यं काकांची आहेत. "कान देऊन ऐका" मात्र माझं, आणि म्हणूनच ते फोनवर काकांना वाचून दाखवलं. "चालेल" म्हणाले, तेव्हा ठेवलं.

## ७. बटणं कुठल्या क्रमाने दाबायची

वरिष्ठांची दुरुस्ती `Reject` करून मूळ वाक्यात हाताने फेरफार केले, तर पुढच्या फेरीत त्यांना दिसतं एवढंच की आपली दुरुस्ती गायब आहे. तिचा आशय तुम्ही घेतलाय हे रंगांवरून कळत नाही. मग ते तीच दुरुस्ती पुन्हा करतात, या वेळी थोड्या जोरात.

म्हणून जिथे आशय घ्यायचा आणि घडण बदलायची आहे, तिथे आधी त्यांची दुरुस्ती `Accept` करा. मग ट्रॅकिंग चालू ठेवून, तुमच्या नावाने, वाक्य लेखकाच्या घडणीत लिहा. शेजारी शेरा: "7 बार आणि सुपरवायझरला कळवणं, दोन्ही घेतलं. 'घोगरा' ठेवलाय, कारण नव्या माणसाला 'असामान्य' ओळखता येणार नाही." वरिष्ठांना आपली सूचना कुठे गेली ते सापडतं आणि बोलायला मुद्दा मिळतो.

जी दुरुस्ती पूर्ण नाकारायची आहे तिच्यावर मी `Reject` दाबतच नाही. ती रंगीत तशीच ठेवतो, शेऱ्यात कारण लिहितो आणि परत पाठवतो. त्यांनी "ठीक" म्हटल्यावर दाबतो. एका फेरीत अशा नाकारलेल्या दुरुस्त्या पाच-सहाच्या वर जाऊ देऊ नका. गेल्याच तर फाइल बाजूला ठेवा आणि समोर बसून बोला. शेऱ्यांच्या चौकटीत वाद जिंकता येत नाही.

शेऱ्यात "लेखकाचा आवाज जातोय" असं लिहू नका. वरिष्ठांच्या कानाला ते "तुमची भाषा रुक्ष आहे" असं ऐकू येतं. वाचणाऱ्याचं काय नुकसान होतं ते लिहा. ते लिहिता आलं नाही, तर ती दुरुस्ती बहुधा घ्यायला हरकत नसावी.

## ८. लेखकाला काय दाखवायचं

दोनशे बदलांची रंगीत फाइल लेखकाकडे कधीच पाठवू नका. आपल्या लेखाची चिरफाड झालेली बघून माणूस एक तर सगळ्याला हो म्हणतो किंवा सगळ्याला नाही. स्वच्छ प्रत द्या आणि सोबत चार-पाच नेमके प्रश्न: आकडा बदललाय, बरोबर ना? हे वाक्य काढलंय, त्यातून काही सुटतं का? हा शब्द तुम्ही वापराल का?

मी जमेल तिथे परिच्छेद फोनवर वाचून दाखवतो. परकं वाक्य आलं की लेखक लगेच अडखळतो, "हं... ठीक आहे" असं ओढून म्हणतो. तो "हं" नोंदवहीत टिपा.

## ९. नोंदवही आणि फिरून येणारे बदल

रकाने मोजके: फेरी, जागा, आधी काय, नंतर काय, कोणी सुचवलं, निर्णय, कारण. प्रत्येक दुरुस्ती नोंदवायची नाही. जिथे चर्चा झाली तेवढीच.

तिचा उपयोग पाचव्या फेरीच्या आसपास कळतो. "घोगरा" दुसऱ्या फेरीत "असामान्य" झाला, तिसरीत परत "घोगरा", पाचवीत "वेगळा". नोंदवहीत एकाच जागेची तिसरी ओळ आली की समजा, फेऱ्या पुढे सरकत नाहीत, गोल फिरताहेत. त्या ओळी दाखवून मॅडमना विचारलं, "यातलं एक आज पक्कं करूया का?" त्या हसल्या आणि म्हणाल्या, "अहो, हे मीच तीनदा बदललंय?" त्यानंतर तो शब्द हलला नाही.

## १०. दर तिसऱ्या फेरीला मूळ प्रतीशी गाठ

सुरुवातीला मी जे केलं नव्हतं ते हे. दर तिसऱ्या फेरीनंतर `Compare` मध्ये `Original document` म्हणून `v0` द्या आणि `Revised document` म्हणून आजची स्वच्छ प्रत. आता फेऱ्यांनी मिळून काय केलं ते एकत्र दिसतं. आधीच्या फेरीशी ताडताना पानावर चार रेघा दिसत होत्या, इथे कदाचित सगळं पान लाल असेल.

लाल असणं हाच दोष नव्हे. आकडे आणि क्रम बदलले तर लाल दिसणारच. लकबींचं अर्धं पान शेजारी ठेवून बघा. छोटी वाक्यं छोटी राहिली का? वाचणाऱ्याला थेट सांगणं टिकलं का? मग `Ctrl+F` ने "करण्यात", "सदर", "याबाबत", "सबब" असे शब्द शोधा. काकांच्या मूळ मसुद्यात "करण्यात" शून्य वेळा होतं. माझ्या त्या फसलेल्या चौथ्या फेरीत ते 23 वेळा निघालं, आणि त्यातलं प्रत्येक मी स्वतः स्वीकारलेलं होतं.

गूगल डॉक्समध्ये काम चालत असेल तर हेच `Version history` मधून करता येतं. पहिल्या दिवशीच `Name current version` वापरून मूळ मसुद्याला नाव द्या. नंतर शेकडो आपोआप जपलेल्या आवृत्त्यांत तो शोधणं जिकिरीचं होतं.

## ११. शेवटची झाडलोट

`No Markup` निवडलं की फाइल स्वच्छ दिसते, पण झालेली नसते. बदल नुसते लपतात. दुसऱ्याने उघडून `All Markup` केलं की मॅडमचा "हे कोणी लिहिलंय?" हा शेरा सगळ्यांसमोर. उरलेला प्रत्येक बदल स्वीकारून किंवा नाकारून संपवा, शेरे पुसा, मग `File`, `Info`, `Check for Issues`, `Inspect Document` इथून तपासणी चालवा. ती उरलेले बदल आणि शेरे आहेत का ते सांगते. ही तपासणी नकलेवरच करा, कारण तिथे `Remove All` दाबून काढलेलं सगळंच परत आणता येत नाही.

मग ट्रॅकिंग बंद करा, फाइल बंद करून पुन्हा उघडा आणि पहिलं पान लेखकाला मोठ्याने वाचायला द्या. काकांनी सातव्या फेरीनंतर वाचलं, "डब्यात खडे हलवल्यासारखा" पाशी थांबले आणि म्हणाले, "इथे 'पत्र्याच्या डब्यात' कर. प्लास्टिकच्यात तसा आवाज येत नाही."

आठवी फेरी तेवढ्या एका शब्दाची झाली.